सहीपूर्वी मालकीचे कलम वाचा

नागपूरच्या मिहानमधील सॉफ्टवेअर कंपनीचे इंटर्नशिपचे पत्र हाती आल्यावर मानधनाच्या आकड्याआधी कामाच्या मालकीचे कलम वाचावे. प्रताधिकार कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार नोकरी किंवा शिकाऊ उमेदवारीच्या ओघात केलेल्या कामाची पहिली मालकी, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याकडे जाते, आणि तेवढे रास्तच आहे. मात्र पत्रात ‘या कालावधीत तयार केलेले सर्व काम’ असे लिहिले असेल, तर रात्री घरी लिहिलेल्या तुमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाच्या कोडवरही कंपनी हक्क सांगू शकते. म्हणून तिथे ‘कंपनीने सोपवलेले काम’ असा बदल ईमेलने मागावा आणि आधीपासूनच्या प्रकल्पांची तारखांसह यादी करारास परिशिष्ट म्हणून जोडून घ्यावी. तोंडी आश्वासन पुरेसे मानू नये.