ऑक्टोबरच्या उन्हात लॅक्टोमीटरआधी थर्मामीटर लावा

पाऊस ओसरला की मुंबईच्या आसपास ऊन चटके देतं. शहापूर, मुरबाड, वाड्याकडच्या संकलन केंद्रांवर संध्याकाळचं दूध धार काढून थेट येतं, तेव्हा ते 34-35 डिग्रीला असतं. याच दिवसांत शेतकऱ्याचं नुकसान होतं, आणि त्याचं एक मोठं कारण असं: लॅक्टोमीटर बुडवला जातो, पण दुधाचं तापमान कुणी बघतच नाही.

दूध तापलं की फुगतं, त्याची घनता उतरते आणि लॅक्टोमीटर जास्त बुडतो. गाईचं चांगलं दूध घ्या, फॅट 4. लॅक्टोमीटर 27.5 दाखवतो, थर्मामीटर 35. काचेवर 27 डिग्री छापलेला लॅक्टोमीटर असेल तर वरच्या प्रत्येक डिग्रीला 0.2 मिळवायचे, असा केंद्रांवरचा प्रघात आहे. आठ डिग्री जास्त, म्हणजे 1.6. दुरुस्त रीडिंग, म्हणजे सीएलआर, 29.1 झाला. एसएनएफच्या सूत्रात सीएलआरला 4 ने भागतात, त्यामुळे ही दुरुस्ती राहिली की एसएनएफ 0.4 ने कमी निघतो. 8.5 चं दूध 8.1 लागतं आणि दरपत्रकात चार पॉइंटची कपात होते. पाण्याचा एक थेंबही न घालता.

एवढ्यावर दुकानदार ‘एसएनएफ वाढवणारी’ पावडर गळ्यात मारतो. ती घेण्याआधी आठवडाभर तापमान लिहून बघा. कपात थर्मामीटरच्या अभावानं होत असेल, तर गाईला काहीही चारा, आकडा हलणार नाही.

डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी उलटं होतं. 20 डिग्रीच्या दुधातून 1.4 वजा करायचे असतात. ते केले नाहीत तर पाणी घातलेलं दूधही पास होतं आणि पुढे चिलिंग सेंटरवर अख्खा कॅन अडकतो.

मोजण्याचा क्रम:
- कॅन वरखाली ढवळा, फेस करू नका.
- जार काठोकाठ भरा, सपाट जागी ठेवा.
- आधी तापमान घ्या, मग लॅक्टोमीटर हळू सोडा.
- तो काचेला चिकटू देऊ नका. स्थिर झाल्यावर डोळे पातळीत आणून वाचा.
- रीडिंग, तापमान, सीएलआर तिन्ही वहीत लिहा.
- प्रत्येक नमुन्यानंतर धुवा. तेलकट काच आकडा फिरवते.

लॅक्टोमीटरच्या कांडीवर कोणतं तापमान छापलंय ते मात्र आधी पाहाच. 60 फॅरनहाइटवाला जुना आणि 84 फॅरनहाइटवाला, दोन्ही अजून वापरात आहेत. त्यांना 27 चा हिशेब लावला की सगळंच चुकतं. तिथे एका फॅरनहाइट डिग्रीला 0.1 धरतात. सोबत छापील तक्ता आला असेल तर तोच खरा. आमचा अंदाज असा, की 35 च्या दुधाला 0.2 कमीच पडतात. म्हणून शक्य तिथे नमुना अर्धा तास थांबवून 25 ते 29 मध्ये आणून मोजा. ताज्या धारेतली हवाही तोवर निघून जाते, आणि तीही आकडा खाली ओढत असते.

आता हा आकडा काय सांगत नाही, ते. पाणी घनता उतरवतं, साय काढली की घनता चढते. दोन्ही एकदम केलं तर लॅक्टोमीटर गप्प बसतो. म्हशीचं 7 फॅटचं, सीएलआर 30 चं दूध घ्या. साय काढून फॅट 4 वर आणली तर सीएलआर 33.5 च्या आसपास जातो. मग 100 लिटरमागे 11-12 लिटर पाणी घाला, पुन्हा 30. लॅक्टोमीटरला हे दूध पहिल्यासारखंच. फॅट मात्र 3.6 वर आलेली. ही चोरी गर्बरसारख्या फॅट चाचणीत पकडली जाते. म्हणून नुसत्या सीएलआरवर दूध घेणारं केंद्र अर्धंच मोजतं.

साखर, मीठ, युरिया, दूधपावडर यांनीही पाणी लपवता येतं, त्यांच्या चाचण्या वेगळ्या. आंबट होत चाललेलं दूध, कासदाहाचं दूध, प्रतिजैविकाचा अंश, यातलं काहीच लॅक्टोमीटरला कळत नाही.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. 26 आलं म्हणजे पाणी घातलंच, असा आरोप गरीब माणसावर करू नका. चाऱ्याअभावी रोडावलेल्या गाईचं दूधही असं उतरतं. खात्री हवी तर केंद्राच्या माणसानं गोठ्यावर जाऊन, सगळ्या गाईंची पूर्ण धार डोळ्यांसमोर काढून घ्यावी आणि तोच लॅक्टोमीटर, तोच थर्मामीटर लावून आकडा ताडून पाहावा. तोही 26 च्या आसपास आला, तर चाऱ्याकडे बघा.