रात्रीचं सीसीटीव्ही फुटेज धुरकट येतंय? या चुका टाळा

रात्रीचं चित्र दाणेदार दिसू लागलं की बरेच जण थेट मेनूत शिरतात आणि नॉइज कमी करण्याचा आकडा वाढवून ठेवतात. चित्र तिथल्या तिथे गुळगुळीत होतं आणि काम झालं असं वाटतं. पुढे एखाद्या रात्री गाडीतलं पेट्रोल चोरीला जातं, फुटेज काढलं जातं आणि चोराच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग दिसतो. इथे क्रमच उलटा झालेला असतो. आधी उजेड बघायचा, मग फिल्टर, मग शटर, आणि नॉइजला हात सगळ्यात शेवटी लावायचा.

सोसायटीच्या गेटवरचा नेहमीचा प्रकार घेऊ. ४ मेगापिक्सेलचा बुलेट कॅमेरा छज्ज्याखाली बसवलाय, लेन्स २.८ मिमीची आहे, गेट १२ मीटरवर आहे. फ्रेमच्या डाव्या कडेला अर्ध्या मीटरवर पांढरी रंगवलेली भिंत येते. दिवसा चित्र छान असतं. रात्री मात्र भिंत चुन्यासारखी चमकते आणि गेट काळोखात जातं.

उजेड भिंतीवर वाया घालवणं

रात्री कॅमेऱ्याचे एलईडी डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड म्हणजे आयआर उजेड टाकतात. अंतर वाढतं तसा हा उजेड अंतराच्या वर्गाच्या पटीत घटतो. ४ मीटरवर जेवढा उजेड पडतो त्याचा नववा हिस्साच १२ मीटरवर पोहोचतो, मग अर्ध्या मीटरवरच्या भिंतीला किती मिळत असेल ते बघा. त्यात हल्लीच्या कॅमेऱ्यांत स्मार्ट आयआर असतं. चित्राचा भाग फार पांढरा झाला की कॅमेरा स्वतःचे एलईडी मंद करतो किंवा एक्स्पोजर खाली आणतो. म्हणजे भिंतीपायी गेटचा उजेड कापला जातो. इथे कुठलंही सेटिंग शोधत बसू नका. कॅमेरा जरा वळवा, भिंत फ्रेमबाहेर गेली पाहिजे.

झाडांकडेही लक्ष असू द्या. हिरवी पानं इन्फ्रारेड भरपूर परावर्तित करतात. दिवसा गडद दिसणारी आंब्याची फांदी रात्री कॅमेऱ्यासमोर पांढरीशुभ्र होते आणि भिंतीसारखाच घोटाळा करते. कोळ्याच्या जाळ्यांचं तर विचारूच नका. एलईडीच्या उबेला आणि उजेडाला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि लेन्ससमोरचा एक धागा स्क्रीनवर दोरखंडाएवढा दिसतो. कॅमेऱ्याचे स्वतःचे एलईडी बंद करून वेगळा आयआर दिवा मीटरभर लांब लावला तर हा त्रास बराच कमी होतो, शिवाय पावसाचे थेंब आणि धुळीचे कण लेन्ससमोर तेवढे चमकत नाहीत. दिवा घेताना ८५० नॅनोमीटरचा घ्या. ९४० चा दिवा डोळ्याला दिसत नाही खरा, पण सेन्सर त्या लांबीला कमी संवेदनशील असतो, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये पल्ला बराच कमी मिळतो. ८५० चे एलईडी जवळून पाहिले तर मंद लाल दिसतात. गेटवर त्याची काहीच अडचण नसते.

डोम कॅमेरा असेल आणि सगळं चित्र दुधाळ येत असेल तर आधी कव्हर बघा. बसवताना लागलेले बोटांचे ठसे, न काढलेली प्लॅस्टिकची फिल्म, किंवा लेन्सभोवतीची रबराची कडी कव्हरला नीट न टेकणं, यातलंच काहीतरी निघतं. कडी आणि कव्हर यांत फट राहिली की एलईडीचा उजेड आतल्या आतच लेन्समध्ये शिरतो.

फिल्टरचा दोष सेन्सरच्या माथी मारणं

सेन्सरसमोर एक छोटी काच असते. दिवसा ती इन्फ्रारेड अडवते म्हणून रंग खरे येतात, आणि अंधार पडला की बारीक मोटर किंवा चुंबक तिला बाजूला सरकवतं. तेव्हा ‘टिक्’ असा आवाज होतो. ही काच अडकली की चित्रावरून लगेच कळतं. दिवसा झाडं आणि काळे कपडे जांभळट-गुलाबी दिसले तर फिल्टर बाहेरच राहिलाय. रात्री चित्र कृष्णधवल झालं, एलईडीही पेटलेत, तरी सगळं काळंच आहे, तर तो आतच अडकलाय. खात्रीसाठी मेनूत `Day/Night Switch` हाताने `Day` आणि `Night` असा बदलून आवाज ऐका. काही वेळा चारपाचदा बदलल्यावर काच सुटते. नाही सुटली तर कॅमेरा दुरुस्तीला द्या किंवा बदला, सेटिंगने काच हलत नाही.

संध्याकाळी कॅमेरा सारखा रंगीत-कृष्णधवल-रंगीत करत असेल तर काचेत दोष नाही. स्वतःचाच आयआर जवळच्या भिंतीवरून परत येतो आणि कॅमेऱ्याला दिवस उजाडल्यासारखं वाटतं. बदलाआधीचा थांबण्याचा वेळ वाढवा, किंवा सरळ वेळापत्रक लावून टाका.

आणखी एक गंमत म्हणजे, दिवसा तंतोतंत फोकस केलेली व्हेरिफोकल, म्हणजे झूम-फोकस हाताने जुळवायची लेन्स रात्री किंचित पुसट होऊ शकते, कारण इन्फ्रारेड वेगळ्या अंतरावर फोकस होतो. अशा लेन्सचा फोकस रात्रीच करावा.

रिकामं अंगण बघून नॉइज ठरवणं

आता शटर, म्हणजे एकेक फ्रेम टिपायला कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते. कमी उजेडात काही कॅमेरे आपोआप शटर १/१२ सेकंदापर्यंत किंवा त्याहूनही मंद करतात. चालणारा माणूस सेकंदाला साधारण दीड मीटर जातो. कॅमेऱ्यासमोरून आडवा गेला तर १/१२ सेकंदात तो १२ सेंटीमीटर सरकतो, आणि चेहरा असतो पंधरा-सोळा सेंटीमीटर रुंद! १/२५ ला हे सरकणं ६ सेंटीमीटर होतं, १/५० ला ३. म्हणून गेटवर `Exposure Time` १/५० धरा, फारच अंधार असेल तर १/२५, त्याखाली जाऊ नका. चित्र थोडं काळं होईल, होऊ द्या. उजेड दिव्याने वाढवायचा.

शटर आखडलं की कॅमेरा गेन, म्हणजे सेन्सरच्या सिग्नलची वाढ, चढवू पाहतो. गेनमुळे चित्राबरोबर दाणेही तेवढेच वाढतात, म्हणून शंभरपर्यंत जाणारी गेनची मर्यादा ५०-६० वर बांधून बघा. ऊन-सावलीचा फरक सांभाळणारा दिवसाचा `WDR` रात्रीही चालू असेल तर तो बंद करा. सावल्या उजळवताना तो त्यातले दाणेही वर आणतो.

मग `3D DNR`, म्हणजे नॉइज कमी करण्याचा तो आकडा. हे सेटिंग मागच्या काही फ्रेम्सची पुढच्या फ्रेमशी सरासरी काढतं. भिंत जागची हलत नाही, तिच्यावरचे दाणे पुसले जातात. माणूस हलतो, त्यामुळे त्याच्याही फ्रेम्स एकमेकींत मिसळतात आणि मागे भुतासारखी शेपटी राहते. म्हणून पूर्ण शून्यावर आणायचं असंही नाही. दाणे प्रत्येक फ्रेममध्ये बदलतात, रेकॉर्डर त्यांनाच हालचाल समजून बिटरेट खर्च करतो आणि चेहऱ्यावर चौकोन उमटतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत ५० हा आकडा आधीच भरलेला असतो. तिथून ३०-४० पर्यंत उतरा, आणि वॉचमनकाकांना गेटपासून कॅमेऱ्यापर्यंत दोनदा चालायला सांगा, एकदा सावकाश, एकदा भराभर. लाइव्ह चित्रावर जाऊ नका, रेकॉर्डिंग उघडून एकेक फ्रेम थांबवून बघा. नाक-डोळे वेगळे दिसतात तिथे आकडा सोडा, भिंतीवर थोडे दाणे उरले तरी चालतील.

वरच्या उदाहरणात हे सगळं करूनही गेटवरचा चेहरा ओळखू येणार नाही. २.८ मिमीची लेन्स साधारण १०० अंश रुंद बघते, म्हणजे १२ मीटरवर सुमारे २८ मीटरचा पट्टा. २५६० पिक्सेल त्यावर पसरले की चेहऱ्याच्या वाट्याला तेरा-चौदा येतात. गेटसाठी ६ मिमीची लेन्स घ्या, मग ती संख्या दुपटीच्या आसपास जाते. माणूस कॅमेऱ्याच्या ५-६ मीटर जवळ आला की चेहरा नीट मिळतो.

कॅमेरा नेमका रात्रीच बंद पडत असेल किंवा आयआर पेटताच चित्र जात असेल तर मल्टीमीटर आणा. एलईडी पेटले की करंट वाढतो आणि लांब, बारीक वायरमध्ये १२ व्होल्टचे १० च्या आसपास उरतात. मोजायचं कॅमेऱ्याच्या टोकाला, आणि तेही आयआर चालू असताना. वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या टोकाला आकडा बरोबरच दिसेल.