वाहन भाडेकरारातून किलोमीटर, इंधन, देखभाल आणि दंडाच्या अटी कशा काढाव्यात

मूळ करारनामा आणि प्रत्येक गाडीचे परिशिष्ट शेजारी ठेवून वाचायला सुरुवात करावी, कारण मुख्य करारात बहुधा ‘परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे’ एवढेच लिहिलेले असते आणि खरे आकडे परिशिष्टात सापडतात. दोन्हींत तफावत आढळल्यास कोणता मजकूर ग्राह्य धरायचा, हे सांगणारे कलम आधी शोधावे. मग प्रत्येक अट कलम क्रमांकासह तक्त्यात मूळ शब्दांतच उतरवावी.

किलोमीटरच्या मर्यादेपाशी सर्वाधिक वेळ द्यावा. आकडा सहज दिसतो. तो किती काळात मोजायचा, हे मात्र वेगळ्याच कलमात असते. समजा, सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या शेती विभागासाठी घेतलेल्या गाडीची मर्यादा 36 महिन्यांत 72,000 किलोमीटर, म्हणजे महिन्याला सरासरी 2,000 आहे आणि जादा किलोमीटरला 8 रुपये दर आहे. करार नोव्हेंबरपासून सुरू होतो. गळीत हंगामाच्या पाच महिन्यांत गाडी दरमहा 3,000 आणि उरलेल्या सात महिन्यांत दरमहा 1,300 किलोमीटर धावते. मोजणी मासिक असेल, तर हंगामातील 5,000 जादा किलोमीटरचे वर्षाला 40,000 रुपये होतात. मोजणी वार्षिक असेल, तर एकूण धाव 24,100 भरते आणि आकारणी फक्त 800 रुपयांची होते. त्यामुळे तक्त्यात ‘मोजणीचा काळ’ आणि ‘न वापरलेले किलोमीटर पुढे जातात का’ असे दोन स्वतंत्र रकाने हवेतच. सर्व गाड्यांची मर्यादा एकत्र धरली जाते का, हेही तिथेच नोंदवावे.

याच उदाहरणात गाडी मार्चअखेर परत केली, तर काय होईल? मुदतपूर्व परतीच्या कलमात मर्यादा वापरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात मोजायची असेल, तर पाच महिन्यांचे 10,000 किलोमीटरच मिळतात आणि मोजणी वार्षिक असूनही 40,000 रुपये पुन्हा अंगावर येतात. उरलेल्या भाड्यावरील दंड त्याहून वेगळा असतो. करारात ठरलेल्या दंडाबाबत भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 74 त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मान्य करते. तरीही वाद घालण्यापेक्षा सहीपूर्वी आकडा कमी करून घेणे स्वस्त पडते.

देखभालीच्या कलमात ‘समाविष्ट’ हा शब्द वाचून थांबू नये. टायर, बॅटरी, क्लच प्लेट यांची नावे वगळलेल्या भागांच्या यादीत आहेत का आणि टायर किती किलोमीटरनंतर मिळतात, ते पाहावे. सर्व्हिसिंग दर 10,000 किलोमीटरला असेल, तर हंगामात ते चार महिन्यांच्या आतच येते. ते चुकल्यास दुरुस्तीचा खर्च भाडेकरूवर टाकणारे वाक्य बहुधा अपवादांमध्ये सापडते.

इंधनाचे काम तुलनेने सोपे आहे. गाडी चालकाशिवाय असेल, तर खर्च बहुधा भाडेकरूचाच असतो. चालकासह असेल, तर इंधनाच्या दरवाढीचे सूत्र आणि गॅरेजपासूनची रिकामी धाव मर्यादेत मोजली जाते का, या दोन गोष्टी उतरवून घ्याव्यात.