दवाखान्याची पिशवी भरताना या चुका टाळा, आणि आधी लंगोट मोजा

जुलैत भाचीचे दिवस भरत आले होते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात नाव घातलेलं. एक दिवस तिनं खरेदीची यादी माझ्यापुढं धरली. "मावशी, अडीच हजारात बसवलंय बघ सगळं." हिशेब चोख होता. पावडर, साबण, तेलाचा गिफ्ट सेट ८५०, दुधाचा डबा आणि बाटली ७००, डायपरची दोन पाकिटं ६००, बारशाआधीच घ्यायचा झालरीचा फ्रॉक ३५०. यादीत लंगोट नव्हते, आणि बाळंतिणीसाठी तर एकही वस्तू नव्हती.

ही पहिली चूक, आणि बहुतेक घरांत हीच होते. पैसे डब्याबाटलीवर जातात आणि पहिल्या आठवड्यात रोज लागणारी वस्तू राहून जाते. गिफ्ट सेटमधलं जवळजवळ काहीच पहिल्या सात दिवसांत लागत नाही. पहिली आंघोळ निदान चोवीस तास पुढं ढकलायची असते. पावडर बाळाच्या श्वासात जाते, म्हणून ती नकोच. नाळेला हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही. ती कोरडी ठेवायची, की आपोआप पडते.

दुधाचा डबा "असू दे, लागला तर" म्हणून घेतात. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक चमचाभरच येतो, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. घरात डबा असला की "पोरगं रडतंय, आईला दूध नाही" म्हणून कुणीतरी तो फोडतंच. मग बाळ कमी ओढतं आणि आईचं दूध खरंच कमी होतं. डॉक्टरांनी सांगितलं तर डबा त्या दिवशीही मिळतो. बाटलीऐवजी वाटी-चमचा चालतो, तो घरात आहेच. मध, गुटी, गुळाचं पाणीही नको. मधातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता लंगोट. किती लागतील हे पावसावर ठरतं, आणि कोल्हापूरचा जुलै कसा असतो ते सांगायला नको. जन्मलेलं बाळ थोडं थोडं ओलं करतं, म्हणून दिवसाला बारा-चौदा लंगोट जातात. उन्हाळ्यात धुतलेला लंगोट दुपारपर्यंत वाळतो आणि दोन डझन पुरतात. पावसात तो दीड दिवस ओलसर राहतो. म्हणजे एका वेळी अंगावर, धुण्यात आणि दोरीवर मिळून पस्तीसेक हवेत. भाचीला छत्तीस धरले. उरलेला दमटपणा गरम इस्त्रीनं काढायचा. ओलसर लंगोट बांधला की पुरळ येऊ शकतं.

डायपर वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पण एक साधारण दहा-बारा रुपयांचा धरला तर रोजचे शंभर सहज जातात. दहाचं एक छोटं पाकीट घ्या, वाटेत आणि पहिल्या रात्री वापरा, बस्स.

लंगोटाचं कापड विकत घ्यायची गरज बहुधा नसते. आजोबांचं मऊ पडलेलं जुनं धोतर चार मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असेल, तर त्यातून साधारण साठ-पासष्ट सेंटीमीटरचे बारा चौकोन निघतात. भाचीच्या सासरी दोन धोतरं होती, म्हणजे चोवीस लंगोट फुकट. बाकीचे बारा जरा लहान धरून त्यांच्यासाठी गांधीनगरच्या बाजारातून तीन मीटर मलमल आणलं. काठ दुमडून टिपायलाही वेळ मिळाला नाही, नुसते कापले. चालतात.

पण ही धोतरं ट्रंकेतून निघाली होती, आणि ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या. जुने कपडे वापरताना ही चूक सगळ्यात महागात पडते. जी-सिक्स-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मतः कमतरता असलेल्या काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या वासानं किंवा त्या कपड्यानं फुटतात आणि कावीळ झपाट्यानं वाढते. कुठल्या बाळाला कमतरता आहे हे आपल्याला आधी कळत नाही. म्हणून असे कपडे धुऊन, ऊन मिळेल तितके दिवस बाहेर टाकायचे. नाकाशी धरल्यावर वास आलाच, तर तो कपडा फरशी पुसायला. आम्ही एक धोतर असंच सोडलं, आणि मलमल दुप्पट, म्हणजे सहा मीटर झालं.

पुढची चूक पिशवीच्या रचनेत. प्रसूतीच्या खोलीतून आया बाहेर येऊन "बाळाचे कपडे द्या" म्हणते तेव्हा नवरा फुलपात्राखाली, चपलांखाली हात घालत बसतो. बाळाची वेगळी पुडी बांधा: दोन दुपटी, एक झबलं, टोपडं, दोन लंगोट, सगळं धुतलेलं. दुपटी दोन का? एकानं ओलं बाळ पुसतात आणि ते लगेच बाजूला करतात, दुसऱ्या कोरड्यात गुंडाळतात. त्याच ओल्यात राहिलं तर बाळ गार पडतं. कागद वेगळ्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये: माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद, आधार, रेशनकार्ड, पासबुक, आणि सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तो कागद सगळ्यात वर. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर आईला ७२ तासांच्या आत इंजेक्शन द्यावं लागतं.

बाळंतिणीसाठी पुढून उघडणारे दोन गाऊन, मोठे पॅड, जुने मऊ परकर आणि एक मेणकापड. सिझर झालंच तर टाक्यांवर न येणारी, कमरेवर बसणारी चड्डी लागते.

शेवटी तिचा हिशेब असा झाला: गाऊन ६००, सहा मीटर मलमल ४२०, झबली ३००, पॅड २००, मेणकापड १५०, डायपर १२०, टोपडी-मोजे १२०, साबण ५०. एकूण १९६०. उरलेले ५४० सुटे करून नवऱ्याच्या खिशात, चहापाणी, रिक्षा, झेरॉक्ससाठी. बाळंतपणाच्या बिलासाठी वेगळं साठवायचं नव्हतं. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडणं मोफत आहे. कुणी औषध बाहेरून आणायला सांगितलं, तर आधी वॉर्डच्या सिस्टरना किंवा समाजसेवा अधीक्षकांना विचारावं.

पाचव्या दिवशी रात्री तिचा फोन आला. "मावशी, लंगोटावर लालसर डाग होता परवा. रक्त हाय का गं?" पहिल्या दोन-तीन दिवसांत विटेच्या रंगाचा तसा डाग पडतो, ते दाट लघवीतले क्षार असतात. मी उलट विचारलं, आज ओले किती झाले? पहिल्या दिवशी निदान एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्यापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त व्हायला हवेत. सुरुवातीची काळी चिकट शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हावी. ओले सहापेक्षा कमी, डाग अजून येतोय, शी अजून काळी, किंवा बाळ सुस्त पडून ओढत नाही, तर सकाळची वाट न बघता दवाखाना. पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळं दिसलं, तरी तेच. डायपरमध्ये हे मोजणं अवघड असतं, लंगोट सरळ सांगतो.

तिनं दोरीकडे बघून मोजले. "आठ," म्हणाली, "आणि नववा आत्ता झाला."