बॉसचा वार आधी दिसावा म्हणून

माझ्या पहिल्या ॲक्शन गेममधील गदाधारी बॉसशी लढताना खेळाडू वार बसल्यावरच उडी मारत असत. लढतीचे चित्रीकरण एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिले, तेव्हा गदा उचलल्यापासून आघातापर्यंत सेकंदाला 60 च्या वेगाने जेमतेम 12 फ्रेम, म्हणजे 0.2 सेकंद मिळत असल्याचे दिसले. नुसते पाहून बटण दाबायलाच माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. मी प्रत्यक्ष आघात तितकाच वेगवान ठेवला, पण गदा डोक्यामागे नेऊन क्षणभर रोखली आणि एकूण अवधी 40 फ्रेमपर्यंत वाढवला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शेवटच्या 10 फ्रेममध्ये बॉसचे खेळाडूकडे वळणे बंद केले. अन्यथा वेळेवर बाजूला झालेल्यालाही वार लागतो आणि पूर्वसूचना खोटी ठरते.

लढतीचा दुसरा टप्पा बॉसची निम्मी शक्ती उरताच, चालू वार अर्ध्यावर तोडून सुरू होत असे. आता तो वार पूर्ण होतो, बॉस मागे सरकून गुडघा टेकतो, गदा पेटते आणि मगच नवा वार पुरेशा अंतरावरून येतो. जुन्या वारांची पूर्वसूचना दोन्ही टप्प्यांत तीच आहे. लढत कठीण होते ती दोन वारांमधील विश्रांती कमी झाल्यामुळे.