डोळ्याचे थेंब, कानाचे थेंब: घरात दोन्ही असतील तेव्हा

मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाचं आणि कानात मळ दुसऱ्याचा, अशी जोडी घरात जमली की आधी मार्कर पेन शोधून ठेवा. जाड, काळा, पाण्याने न पुसला जाणारा. मागच्या वेळी मी खोकी टाकून दिली, बाटल्यांवर काहीच लिहिलं नाही, आणि बाबांच्या कानाचे थेंब आईच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पडता पडता राहिले. म्हणून ही यादी.

सदाशिव पेठेत संध्याकाळी मेडिकलवर गर्दी असते आणि सगळं एकाच कागदी पिशवीत येतं. काउंटरवरच बाटल्या बाहेर काढून विचारा, डोळ्याची कुठली आणि कानाची कुठली. मागे रांग असली तरी विचारा. घरी आल्यावर डोळ्याचे थेंब एका डब्यात, कानाचे दुसऱ्या खोलीत. एवढं बहुतेक जण करतात.

आता आकाराचं. आकारावर विसंबू नका. मऊ प्लास्टिकची, दाबली की थेंब पडणारी, पाच किंवा दहा मिलिलिटरची बाटली दोन्हींसाठी वापरतात. बोटांना फरक कळत नाही.

टोपणाच्या रंगाचंही तेच. अमेरिकेत डोळ्याच्या औषधांसाठी टोपणांच्या रंगांची एक पद्धत आहे: स्टिरॉइडला गुलाबी, बाहुली मोठी करणाऱ्या औषधाला लाल, जंतुसंसर्गावरच्या औषधाला फिकट तपकिरी. पण हे रंग डोळ्याच्या औषधाचा प्रकार सांगतात, डोळा की कान हे नाही. आपल्याकडे तर दोन्हींवर पांढरं टोपण सर्रास दिसतं. शिवाय टोपणं अदलाबदल होतात. दोन बाटल्या एकदम उघडल्या की झालंच. म्हणून खूण टोपणावर करायची नाही. बाटलीवर करायची.

राहिलं लेबल, आणि खरा भरवसा त्यावरच. इंग्रजीत डोळा आणि कान हे दोन्ही शब्द तीन अक्षरांचे, दोन्हींची सुरुवात ‘ई’ने, छपाई मुंगीएवढी. चष्मा न लावता ते एकच दिसतात. शेवटचं अक्षर बघा: ‘आर’ असेल तर कान. ‘ऑफ्थॅल्मिक’ म्हणजे डोळा, ‘ऑटिक’ म्हणजे कान. डोळ्याच्या बाटलीवर ‘स्टराइल’ हा शब्द आणि उघडल्यापासून एका महिन्यात वापरा अशी सूचना शोधा. काही अँटिबायोटिक थेंबांवर ‘आय/इअर’ असं दोन्ही छापलेलं असतं. ते दोन्हीकडे चालतात, पण कानात घातलेली बाटली पुन्हा डोळ्याकडे आणू नका.

डोळ्याचे थेंब कानात पडले तर सहसा मोठं बिघडत नाही, उलटं झालं तर बिघडतं. मळ मऊ करायच्या थेंबांत टर्पेंटाइन तेल, बेंझोकेन, पॅराडायक्लोरोबेंझिन अशी द्रव्यं असू शकतात. ती डोळ्यासाठी बनवलेलीच नसतात. कानाचे थेंब निर्जंतुक असतीलच असंही नाही, आणि मोतीबिंदूनंतर डोळ्यावरची जखम ताजी असते.

तर मार्कर. लेबल वाचून खात्री झाली की बाटलीच्या अंगावर, छापील नाव आणि एक्सपायरी न झाकता, मराठीत मोठ्या अक्षरांत ‘डोळा’ किंवा ‘कान’ लिहा. जागा नसेल तर चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर लिहा. खोक्यावर नको, खोकं दोन दिवसांत रद्दीत जातं. टोपणावर नको, कारण वर सांगितलं. डब्यावर लिहून भागत नाही, बाटली डब्याबाहेर येतेच. बाटलीवर. डोळ्याच्या बाटलीवर उघडल्याची तारीखही टाका. ऑपरेशननंतरचे थेंब आठवड्यागणिक कमी होत जातात, म्हणजे बाटल्या महिनाभर घरात फिरणार, आणि रात्रीचा थेंब आज मुलगा घालेल, उद्या शेजारच्या काकू. त्यांना तुमच्या मनातली खूण कशी कळणार? बाटलीवर लिहिलेलं असेल तर कळेल.

थेंब घालताना दिवा लावा, चष्मा लावा, लिहिलेलं मोठ्याने वाचा, हात धुवा, नोझल पापणीला लागू देऊ नका. संपलेली बाटली लगेच टाका.

तरीही चुकीचे थेंब डोळ्यात गेलेच, तर चोळायचं नाही. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेने पंधरा मिनिटं धुवा आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी डोळ्याच्या डॉक्टरांना फोन लावावा. ऑपरेशन झालेला डोळा असेल तर आग थांबली तरी दाखवायला जायचंच. रिक्षात बसताना ती बाटली बरोबर घ्या, आत काय होतं हे डॉक्टर आधी विचारतील.