फोनचं बिल: ‘अलाउन्स’ की ‘रीइम्बर्समेंट’?

पगाराच्या स्लिपवर ‘टेलिफोन अलाउन्स’ लिहिलं असेल, तर त्यावर पूर्ण कर लागतो, मग तुम्ही बिलांचा गठ्ठा दाखवा की दाखवू नका. ‘टेलिफोन रीइम्बर्समेंट’ असेल तर गोष्ट वेगळी. बिल देऊन परत मिळालेली रक्कम करमुक्त असते आणि ही सवलत नव्या कररचनेतही टिकते. म्हणून फ्लेक्सी बेनिफिटचे, म्हणजे पगाराचा काही भाग कोणत्या खर्चांसाठी घ्यायचा याचे पर्याय भरताना आधी हाच रकाना बघावा.

पण आकडा फुगवून उपयोग नाही. समजा, तुम्ही महिना १,५०० रुपये निवडले, म्हणजे वर्षाचे १८,०००. मोबाइल आणि घरच्या इंटरनेटचं खरं बिल महिना ९०० येतं. मग करमुक्त होतील फक्त १०,८०० रुपये. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससकट साधारण २,२४६ रुपये वाचले. उरलेले ७,२०० बहुतेक कंपन्या वर्षाअखेरीस कर कापून पगारात देतात. पैसे बुडत नाहीत, पण त्यावरचा कर काही वाचत नाही.

बिल स्वतःच्या नावावर हवं. घरचं इंटरनेट वडिलांच्या नावावर असलं की पेरोलवाले हमखास परत पाठवतात. क्लेमची शेवटची तारीखही कंपनी ठरवते, अनेकदा मार्च संपायच्या बरीच आधी. ती चुकली की रक्कम फॉर्म १६ मध्ये पगार म्हणून जाते आणि रिटर्न भरताना सोडवणं अवघड होतं.

पेट्रोलचं गणित निराळं, तिथे गाडी कोणाची आणि इंजिन केवढं हेही विचारतात.